मास्तर म्हणा, वळतील

बाबा हरवले त्या दिवशी मला कळलं, की हरवलेला माणूस शोधायचा असेल तर आधी त्याचा व्हिडिओ लहान करावा लागतो. मी शाळेत मराठी शिकवते. सोप्या गोष्टी अवघड करून सांगणं हा माझा पेशा. पण त्या दुपारी मला एक साधी फाईल दहा एमबीच्या आत बसवता येत नव्हती, आणि बाहेर मे महिन्याचं ऊन होतं.

झालं असं, की सकाळी इस्त्रीवाला कपडे देऊन गेला आणि जाताना दार नुसतं लोटून गेला. आई बाथरूममध्ये होती, मी आत फोनवर कुणाशी तरी भांडत होते. सदाशिव पेठेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून बाबा जिना उतरून निघून गेले. त्यांच्या चपला जागेवर होत्या, आईच्या नव्हत्या. आईच्या चपला घालून ते रस्त्यावर गेले होते.

बाबांनी सगळी नोकरी शहरातल्या बसवर कंडक्टर म्हणून केली. कोणता स्टॉप कुठे, कोणत्या वळणावर म्हातारी माणसं पडतात, हे त्यांना झोपेतही ठाऊक असायचं. निवृत्तीनंतर काही वर्षं बरी गेली. मग त्यांना विसर पडू लागला. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असं नाव सांगितलं. आई त्याला 'थोडं विसरतात' म्हणायची, आणि कुणी जास्त विचारलं तर विषय बदलायची. घरात आम्ही तिघंच. माझं लग्न झालं नाही, आणि का झालं नाही याची उत्तरं पेठेत माझ्यापेक्षा जास्त लोकांना माहीत आहेत.

मी आधी गल्ल्या पालथ्या घातल्या. पानाची टपरी, मारुतीचं देऊळ, रद्दीवाला, क्लासची पोरं उभी असतात तो चहावाला. कुणी पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं होतं पण लक्ष दिलं नव्हतं. मग पोलीस चौकीत गेले. तिथला हवालदार भला माणूस होता. तक्रार लिहून घेतली आणि म्हणाला, "मॅडम, फोटो द्याच. पण चालताबोलता व्हिडिओ असेल तर तोही काढा. फोटोत सगळे आजोबा सारखेच दिसतात हो." त्याने हरवलेल्या म्हाताऱ्या माणसांना शोधणाऱ्या स्वयंसेवकांच्या पानाची लिंक दिली. तिथे व्हिडिओ चढवला की तो त्यांच्या सगळ्या भागांतल्या ग्रुपवर जातो, असं सांगितलं.

घरी आले तर आई सोफ्यावर बसली होती. हातात बाबांची दुपारची गोळी आणि पाण्याचं भांडं. ती ते खाली ठेवायला तयार नव्हती.

माझ्या फोनमध्ये बाबांच्या वाढदिवसाचा व्हिडिओ होता. नवा शर्ट, कपाळाला कुंकू, समोर केक. आईचा तोच आग्रह होता. "तोच दे. त्यात कसे छान दिसतात." मी तो पानावर चढवला. गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि शेवटी लाल अक्षरं आली. फाईल दहा एमबीपेक्षा मोठी आहे, लांबी अर्ध्या मिनिटापेक्षा कमी हवी.

मी व्हिडिओ कापायला घेतला. मागचं-पुढचं काढून टाकलं, पंचवीस सेकंद ठेवले. सव्वाशे एमबी! मला वाटलं फोनच वेडा झाला. मग लक्षात आलं, आवाजाने जागा खाल्ली असणार. आवाज बंद करून पुन्हा सेव्ह केला. एक एमबीसुद्धा कमी झाला नाही. मग अजून कापला. मग अजून. शेवटी बाबा केकवर वाकतात आणि सरळ होतात एवढंच उरलं, तरी आकडा दहाच्या वरच. मी फोन गादीवर आपटला. बाबा उन्हात कुठेतरी चालत होते आणि मी त्यांना कापत बसले होते.

मध्येच मी व्हिडिओखाली टाकायचा मजकूर लिहून ठेवला होता. मास्तरणीची खोड. 'सोबतच्या चित्रफितीत दिसणारे ज्येष्ठ गृहस्थ आज सकाळपासून राहत्या घरातून बेपत्ता असून त्यांना स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. कोणास आढळल्यास कृपया पुढील क्रमांकावर संपर्क साधावा.' आईने तो वाचला आणि म्हणाली, "विकार काढ त्यातला."

"आई, लोकांना कळायला नको?"

"विकार काढ."

मी काढला. मग मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. उठले आणि समोरच्या काकूंची बेल वाजवली. दोनदा, तीनदा.

समोरच्या काकूंशी आमचं बोलणं बंद होतं. त्यांनी जिन्यात पाटी लावली होती: 'येथे चपला काढू नयेत. ही जागा तुमची नाही, आमचीही नाही.' ती पाटी आमच्यासाठीच होती, कारण मजल्यावर दुसरं कुणी राहतच नव्हतं. त्यावरून आईचं आणि त्यांचं वाजलं ते वाजलंच. पण काकूंना एक गोष्ट येत होती. त्या फोनवर पाककृतींचे व्हिडिओ करायच्या. आळूवडी, काकडीचं थालीपीठ, चिंचगुळाची आमटी. सगळं स्वतः चित्रित करायच्या, स्वतः कापायच्या, खाली अक्षरं टाकायच्या. त्याचा त्यांना भयंकर अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत.

दार उघडून त्या म्हणाल्या, "बेल एकदा वाजवली तरी ऐकू येते." मग माझ्याकडे बघितलं. काय झालं ते मी कसंबसं सांगितलं. त्यांनी आत वळून काकांना हाक मारली. "अहो, गाडी काढा. लक्ष्मी रोड बघा, मग बालगंधर्वपर्यंत जा." पायांत चपला न घालताच त्या आमच्या घरात आल्या. कित्येक महिन्यांनी.

आईने त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी आईकडे. काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"लांबी कापलीत, पण चित्र फोर-के मध्येच ठेवलंत," त्या म्हणाल्या. "कापड ते जाडच, नुसती बाही तोकडी केली. वजन कसं कमी होणार? आणि आवाज का मारलात?"

"जागा वाचेल म्हणून."

"आवाज काय खातो? चिमूटभर. खातं ते चित्र." त्यांनी मूळ व्हिडिओ आपल्या फोनवर घेतला, एडिटिंगच्या ॲपमध्ये उघडला, आणि माझा मजकूर वाचला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे वाचून होईपर्यंत माणूस समोरून निघून जाईल."

एरवी मी उत्तर दिलं असतं. तेव्हा मान हलवली.

त्या वाढदिवसाचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होत्या. "यात बाबा एक शब्द बोलत नाहीत. बाकीचेच ओरडतायत. आणि हा नवा शर्ट, हा केक. रस्त्यावर असे दिसणार आहेत का ते? बरं, चेहरा तरी आहे. खाली मोठ्या अक्षरांत नाव टाकू, आणि 'नावाने हाक मारा, ओ देतील' असं लिहू. म्हणजे कुणाला शंका आली तर खात्री करता येईल. देतात ना ओ?"

मी म्हणाले, "हो, देतात की."

आई म्हणाली, "नाही देत."

ती गोळीकडेच बघत होती. "नाव घेऊन नाही देत. 'अहो' म्हटलं तरी नाही. दिवाळीपासून नाही."

मी त्याच घरात राहत होते. बाबांना काही सांगायचं असेल तर मी जाऊन खांद्याला हात लावायची, मग ते बघायचे. मला वाटायचं, हाकेने बघतात.

"मग तू त्यांना जेवायला कशी उठवतेस?" मी विचारलं.

आईने काकूंकडे बघितलं. काकूंसमोर तिला ते सांगायचं नव्हतं. ज्या बाईशी चपलांवरून भांडण झालं, तिच्यासमोर तर नाहीच.

"मास्तर म्हणते," ती म्हणाली. "बसमध्ये सगळे म्हणायचे ना त्यांना, तसं. मास्तर, जेवायला चला. मास्तर, आंघोळ करायची आहे. तू शाळेत गेलीस की म्हणते. मग उठतात. लगेच उठतात."

चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात आईने बाबांना 'अहो'शिवाय हाक मारलेली मी ऐकली नव्हती. आता ती त्यांच्या बसमधली कुणी प्रवासी झाली होती, आणि हे तिने कुणालाही कळू दिलं नव्हतं. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण वेळ नव्हता.

"तो दुसरा काढ," आई मला म्हणाली. "मी डिलीट करायला लावलेला."

तो व्हिडिओ मी काही दिवसांपूर्वी घेतला होता. बाबा दिवाणावर बसलेत, अंगात बनियन, हातात पेपर नॅपकिनची चळत. अंगठा जिभेला लावून एकेक नॅपकिन सुटा करतात, हवेत कुणाला तरी देतात. "पुढे सरका, पुढे सरका. दारात कोण थांबलंय? ताई, सुट्टे द्या." मला ते गोड वाटलं म्हणून मी चित्रित केलं. आई चिडली होती. आपला माणूस कसा झालाय हे जगाला दाखवायचंय का, म्हणाली. मी तिच्यासमोर पुसून टाकला होता.

"पुसला तो," मी म्हणाले.

"कचरापेटी बघा आधी," काकू म्हणाल्या. "गॅलरीत पुसलेलं महिनाभर राहतं." त्यांनीच बोट फिरवलं. होता. तिथे होता. पुसलेल्या फोटोंच्या रांगेत बाबा बनियनवर बसले होते.

पुढचं सगळं काकूंनी केलं, आणि मी त्यांच्या शेजारी बसून बघत राहिले. त्यांनी सुरुवात अशी पकडली, की पहिल्याच क्षणी बाबांचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळतो. "उघडण्याआधी लोकांना हेच चित्र दिसणार," म्हणाल्या. "पाठ दिसली तर कोण उघडणार?" शेवटी माझं हसणं ऐकू येत होतं. ते त्यांनी न बोलता कापलं. आवाज ठेवला. 'पुढे सरका' पूर्ण ऐकू येईल एवढं बघितलं.

मग अक्षरं. मी देवनागरीत लिहिलेला आईचा मोबाईल नंबर त्यांनी इंग्रजी आकड्यांत केला. मराठीची मास्तरीण असून मी तो करू दिला. नंबर वरच्या बाजूला काळ्या पट्टीवर, शेवटपर्यंत तसाच. खाली बटणं येतात, तिथे टाकलेलं झाकलं जातं. आणि जे काही सांगायचं ते चित्राच्या आतच हवं, म्हणाल्या. व्हिडिओसोबत लिहून पाठवलेलं पुढे पाठवताना गळून पडतं, व्हिडिओ तेवढा जातो.

एकामागून एक तीन ओळी आल्या. 'हे आजोबा हरवलेत. विसरतात.' मग, 'निळा चेक्सचा शर्ट, पायांत लेडीज चपला.' चपलांपाशी काकू थांबल्या आणि आईकडे बघितलं. आई म्हणाली, "टाका. खरंच आहे ते." मग तिसरी ओळ आईनेच सांगितली. 'नावाने ओ देत नाहीत. मास्तर म्हणा, वळतील.'

"आता तारीख," काकू म्हणाल्या. "हरवल्याची तारीख टाकायची असते. नाहीतर कधीचा आहे ते कळत नाही."

"तारीख नको," आई म्हणाली.

"अहो, पण टाकतात."

"तारीख कशाला? संध्याकाळपर्यंत घरी येतील ते. तारीख टाकली म्हणजे झालंच की. म्हणजे उद्याही शोधायचं, परवाही शोधायचं. एका दुपारचं काम आहे. नको तारीख."

काकू कुणाचंही ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी ऐकलं. खरं सांगायचं तर मलाही तारीख नको होती.

मग लहान करण्याचं काम. काकूंनी फोर-केऐवजी सातशेवीस निवडलं. ॲपने अंदाजे आकार दाखवला, तेरा एमबी. त्याच्याखालचं चारशेऐंशी निवडलं, तर पाच झाला, पण चालवून बघितला तर अक्षरांच्या कडा फुटल्या, नंबरातला आठ तीनसारखा दिसू लागला. मी फोनकडे हात नेला. "थांबा," काकू म्हणाल्या. त्या पुन्हा सातशेवीसवर गेल्या आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती जागा वापरायची, ती पट्टी मागे सरकवली. "माणूस बसलेला आहे, मागची भिंत हलत नाही. पळत्या घोड्याला जास्त लागलं असतं. यांना एवढं पुरेल." साडेसात. अक्षरं तशीच खणखणीत. तो त्यांनी काकांना पाठवला, काकांना रस्त्यावरूनच तो परत पाठवायला लावला, आणि परत आलेला माझ्या फोनवर उघडून नंबर मला मोठ्याने वाचायला सांगितला. दोन हातांतून गेल्यावरही वाचता येत होता. तेव्हाच त्यांनी मला पानावर चढवू दिला. गोल चक्र फिरलं, आणि या वेळी लाल अक्षरं आली नाहीत.

त्यानंतर काही करण्यासारखं उरलं नाही, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. व्हिडिओ पेठेच्या ग्रुपवर आला, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आला, मला न ओळखणाऱ्या माणसांनी मलाच पाठवला. प्रत्येक वेळी बाबा म्हणायचे, पुढे सरका, पुढे सरका. खिडकीबाहेर डांबर तापून चकाकत होतं. त्यांच्या गोळीची वेळ टळून गेली होती. मी मनात नको नको ते बघत होते, पुलाखाली, रुळांवर, सरकारी दवाखान्याच्या बाकावर. काकूंनी न विचारता आमच्या ओट्यावर चहा केला. तो कुणी प्यालं नाही.

उन्हं कलली तेव्हा आईचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"ताई, तो मास्तरांचा व्हिडिओ तुमचाच ना?" बाईचा आवाज होता, मागे गाड्यांचे हॉर्न. "मी येरवड्यात रसाच्या गाड्यावर असते. इथं स्टॉपवर एक आजोबा हायेत बघा. रांगेतल्या लोकान्ला सारखं पुढं सरका म्हनतायत. चपला लेडीज हायेत. पन तीनदा आजोबा म्हटलं, बघंनात."

आई म्हणाली, "मास्तर म्हणा."

फोन बाजूला गेला असावा. लांबून ऐकू आलं, "ओ मास्तर!" मग नुसते हॉर्न. त्या मधल्या वेळात मी श्वास घेतला नाही. आईनेही नाही.

मग बाबांचा आवाज आला, कामावरचा, खडा. "बोला, कुठं जायचंय?"

आई उभी होती तिथेच खाली बसली. काकूंनी तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि मलाच ओरडल्या, "बघत काय बसलात, रिक्षा बोलवा!"

नंतर कळलं, ते बसनेच गेले होते. तिकीट विचारल्यावर ते 'स्टाफ' म्हणाले होते, आणि इतक्या रुबाबात, की कंडक्टरने पुढे विचारलं नाही. रसवाल्या बाईने त्यांना दोन ग्लास रस पाजून बसवून ठेवलं होतं. आईने तिथेच, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर म्हटलं, "मास्तर, घरी चला." ते लगेच उठले.

'सापडले' असा मजकूर मी सगळीकडे टाकला. तो कुणी पुढे पाठवला नाही. चांगल्या बातमीला कोण विचारतो! पहिला व्हिडिओ मात्र फिरत राहिला. पुण्यातून पिंपरीला गेला, तिथून साताऱ्याला, कुठून कुठे. तारीख नव्हती, त्यामुळे बघणाऱ्याला बाबा नेहमी आजच हरवलेले दिसायचे. आठवड्यातून एखादा तरी फोन यायचा. आई सांगायची, "सापडले हो, घरी आहेत, देव तुमचं भलं करो." शेजारी बाबा नॅपकिन मोजत बसलेले असायचे.

पुढच्या थंडीत बाबा गेले. घरीच, आपल्या दिवाणावर. शेवटपर्यंत आई त्यांना मास्तर म्हणत होती, आता उघडपणे, काकूंसमोरसुद्धा.

फोन थांबले नाहीत. मी आईला म्हटलं, नंबर बदलू. काकू म्हणाल्या, दुसरा व्हिडिओ करून देते, तारखेसकट. आई दोघींनाही नाही म्हणाली. मला त्या फोनचा राग यायचा. एकदा तर मी तिच्या हातातून घेऊन त्या भल्या माणसाला तोडून बोलले, की अहो ते वारले, बंद करा आता. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

परवा कोल्हापूरहून फोन आला. कुणी तरुण मुलगा होता. स्टँडवर एक आजोबा बसलेत, निळा शर्ट आहे, तुमचेच वाटतात. मी आईकडे बघत होते. ते गेले, असं ती म्हणाली नाही. तिने विचारलं, "उन्हात बसलेत का? आधी पाणी दे बाबा त्यांना. आणि मास्तर म्हणून हाक मार."

मग ती थांबली. फोन कानाला घट्ट, डोळे मिटलेले, श्वास रोखलेला, अगदी त्या दुपारसारखा. ती अजून वाट बघते. वर्ष झालं त्यांना जाऊन, आणि प्रत्येक फोनला तेवढे दोन क्षण तिला वाटतं, की वळतील.

"नाही वळले?" ती म्हणाली. "मग ते नव्हेत. पण तू लगेच जाऊ नकोस हं. दुसरं काहीतरी म्हणून बघ. त्यांच्याही घरी कुणीतरी त्यांना काहीतरी म्हणत असेल."